गच्या उजव्या हाताला

बँकेच्या पीओ परीक्षेत, प्रिलिम्सच्या रीझनिंगला वीस मिनिटं आणि पस्तीस प्रश्न. त्यातले पंधरा ते वीस प्रश्न बैठकव्यवस्थेचे आणि पझलचे, पाच-पाचच्या गठ्ठ्यानं येणारे. वीस मिनिटं संपली की तो विभाग बंद होतो, मग तुमचा एकच माणूस बसवायचा राहिलेला असो नाहीतर चार. माझ्या पहिल्या प्रिलिम्समध्ये मी एका गोल टेबलावर साडेनऊ मिनिटं घालवली. आठही माणसं बसली नाहीतच. वर ज्या प्रश्नांना सेट लागत नाही, त्यातले आठ-नऊ न वाचताच राहिले.

पुण्यात, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत परत आल्यावर ठरवलं, की आता जुने पेपर. रोज दहा सेट. तीन महिने मी हे इमानेइतबारे केलं. वह्या भरल्या, रिफिली संपल्या, आणि एका सेटला लागणारा वेळ अकरा मिनिटांवरून आला साडेनऊवर. म्हणजे परीक्षेत होता तिथेच. माझ्यापेक्षा दोन वर्षं जुना एक परभणीचा दादा शेजारच्या खुर्चीत बसायचा. त्यानं एकदा माझी वही उलटसुलट चाळली आणि विचारलं, "यात तुझा वेळ कुठं गेला ते कुठंय?" वरती एकूण वेळ लिहिलेला होता, तो मी दाखवला. "तो किती गेला ते झालं. कुठं गेला?"

दुसऱ्या दिवसापासून मी सेट सोडवताना समासात वेळ टाकायला लागलो. सगळं पहिल्यांदा वाचून झालं, एक खूण. पहिला माणूस कागदावर बसला, दुसरी खूण. अडकलो, तिसरी. सुटलो, चौथी. प्रश्न संपले, शेवटची. मोबाइलच्या स्टॉपवॉचमध्ये लॅपचं बटण असतं, तेवढं पुरतं. पंधरा-वीस सेटनंतर जे दिसलं त्याची मला लाज वाटली. मांडणी करायला, म्हणजे प्रत्यक्ष लिहायला, वेळ जातच नव्हता. तो जात होता एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर भटकण्यात. एखादी ओळ वाचायची, ती लागू होत नाही असं दिसायचं, पुढची वाचायची, परत मागे यायचं. प्रत्येक सेटमध्ये तीच ओळ चार-चार वेळा वाचलेली. म्हणजे हात वेगानं चालवण्याचा सराव मी करत होतो आणि खोळंबा होता तो पुढची ओळ कोणती घ्यायची यात.

आता मी लातूरला एका छोट्या क्लासमध्ये हाच विषय शिकवतो. नोकरी लागली, सुटली, ती कथा वेगळी. वर्गात पहिल्या आठवड्यात एक सेट फळ्यावर लिहितो. तो मीच बांधलेला आहे, पण घडण जुन्या पेपरांचीच. इंग्रजी अक्षरांऐवजी इथे आपली घेतो.

क, ख, ग, घ, च, छ, ज, झ असे आठजण गोल टेबलाभोवती केंद्राकडे तोंड करून बसले आहेत. ज हा कचा शेजारी नाही. ग हा खपासून दुसऱ्या जागी आहे. च हा कचाही शेजारी नाही आणि खचाही नाही. छ हा गच्या लगेच उजवीकडे आहे. घ हा गच्या समोर आहे. ख हा कच्या डावीकडे तिसरा आहे.

नवा मुलगा पहिल्या ओळीपासून सुरू करतो. ज हा कचा शेजारी नाही. बरं, मग? क कुठेही बसवता येईल, आणि जसाठी त्यानंतर पाच जागा उरतात. दुसऱ्या ओळीत ग आणि ख येतात, त्यांचा क-जशी काही संबंध नाही. तिसरी ओळ पुन्हा नकाराची. इथे पेन थांबतं आणि भटकंती सुरू होते. पेपर काढणारा हे जाणूनबुजून करतो, असं माझं मत आहे. सगळ्यात उपयोगी ओळ शेवटी टाकायची आणि नकाराची ओळ पहिली.

आठ खुर्च्यांना घड्याळाच्या दिशेनं एक ते आठ आकडे देऊ. केंद्राकडे तोंड करून बसलेल्याचा डावा हात घड्याळाच्या दिशेला येतो, म्हणून डावीकडे म्हणजे पुढचा आकडा, उजवीकडे म्हणजे मागचा. शेवटच्या ओळीत दिशा आहे, अंतर आहे आणि दोन नावं आहेत. तिच्यात काहीच मोघम नाही. क एक नंबरवर, ख चार नंबरवर. आता क किंवा ख ज्या ओळीत आहे अशी पुढची होकारार्थी ओळ शोधायची. ती आहे ग आणि खची. दुसऱ्या जागी म्हटलंय, पण कुठल्या बाजूला ते नाही. म्हणून दोन केस. पहिलीत ग सहा नंबरवर, दुसरीत दोनवर. मी इथे मुलांना दोन गोल शेजारी शेजारी काढायला लावतो. एकाच गोलात पुसट अक्षरं लिहून काम भागवणाऱ्याचा कागद दोन मिनिटांनी वाचता येत नाही.

घ गच्या समोर, म्हणजे पहिल्या गोलात दोनवर, दुसऱ्यात सहावर. आता चची नकाराची ओळ, जी मघाशी निरुपयोगी होती, ती कामाला येते. दोन्ही गोलांत तीन, पाच, सात आणि आठ या खुर्च्या रिकाम्या आहेत. आठ कच्या शेजारी, तीन आणि पाच खच्या शेजारी. उरली सात. च दोन्हीकडे सातवर. आता छ हा गच्या लगेच उजवीकडे. पहिल्या गोलात ग सहावर, त्याच्या उजवीकडे पाच, रिकामी आहे, छ बसला. दुसऱ्या गोलात ग दोनवर, उजवीकडे एक, तिथे क आधीच बसलाय. दुसरा गोल बाद. राहिले ज आणि झ, राहिल्या तीन आणि आठ. आठ ही कच्या शेजारची, म्हणून ज तीनवर आणि झ आठवर. पहिली ओळ सगळ्यात शेवटी लागली.

एकपासून वाचलं तर क, घ, ज, ख, छ, ग, च, झ. ओळींचा क्रम झाला सहा, दोन, पाच, तीन, चार, एक. माझ्या मते या सेटचं खरं उत्तर म्हणजे हा आकड्यांचा क्रम, गोल हा त्याचा परिणाम. सरावाची माझी मुख्य पद्धत यातूनच निघाली. जुन्या पेपरातला सेट घ्यायचा, चाळीस सेकंद वाचायचा आणि सोडवायचाच नाही. ओळींच्या समोर फक्त आकडे टाकायचे, की ही आधी, ही नंतर, इथे दोन केस होतील. मग पुढचा सेट. अशा वीस सेटना पंधरा-वीस मिनिटं लागतात. संध्याकाळी त्यातलेच चार-पाच पूर्ण सोडवायचे आणि सकाळचा क्रम किती बरोबर होता ते पाहायचं. मुलांना हे पहिल्यांदा पटत नाही. सेट अर्धवट सोडणं त्यांना ताटात टाकल्यासारखं वाटतं. मलाही वाटायचं. पण माझा वेळ साडेनऊवरून पाच-सव्वापाचवर आला तो असा सराव केलेल्या दोन महिन्यांत, आणि त्या काळात मी सोडवलेले सेट आधीच्या निम्मेच होते.

वेगाचं असं. अचूकतेचं दुखणं वेगळं आहे आणि ते मला वर्गात कळलं, स्वतःच्या अभ्यासात नाही.

फळ्यावरचा हाच सेट एका मुलीनं चार मिनिटांत सोडवून आणला. आठही माणसं बसलेली, एक केस नीट काट मारून बाद केलेली, अक्षर मोत्यासारखं. पाच प्रश्नांपैकी चार चुकले. ती म्हणाली, "सर, सगळे बसले ना पण. कुठंच अडलं नाही."

मी तिच्या शेजारी बसून तिचा कागद वाचला. पहिली पायरी बरोबर होती, डावीकडे तिसरा म्हणून एकवरून चारवर. पुढे छची ओळ आली तेव्हा ती त्याच झोकात घड्याळाच्या दिशेनंच गेली. उजवीकडे म्हणूनही पुढचाच आकडा. मग काय झालं बघा. पहिल्या गोलात ग सहावर, छ सातवर जाणार, पण सातवर च बसलेला. म्हणून तिनं बरोबर असलेला गोल बाद केला. दुसऱ्या गोलात ग दोनवर, छ तीनवर, रिकामी खुर्ची. राहिल्या पाच आणि आठ, ज पाचवर, झ आठवर. क, ग, छ, ख, ज, घ, च, झ. कुठेही विसंगती नाही, सगळे आपापल्या खुर्चीत, आणि मांडणी चूक. कच्या समोर कोण, तर छ यायला हवा होता तिथे ज आला. खच्या लगेच डावीकडे कोण, तिथेही तेच. एकच उत्तर बरोबर आलं. घ आणि खच्या मध्ये किती जण, तर दोन्ही मांडण्यांत एकच, केवळ योगायोगानं. परीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. एक बरोबर, चार चूक. बेरीज शून्य. सेट सोडूनच दिला असता तर तेवढेच मिळाले असते, वर चार मिनिटं वाचली असती.

सगळे बसले म्हणजे सेट सुटला, ही समजूत मीही वर्षभर बाळगून होतो. पुन्हा तपासा असं सांगूनही उपयोग नसतो. त्या मुलीनं तपासलं होतं. पण ज्या नजरेनं चूक झाली त्याच नजरेनं तपासलं, त्यामुळे छची ओळ दुसऱ्यांदाही बरोबरच वाटली. म्हणून मी तपासणीची पद्धत बदलायला लावतो. कागद फिरवायचा. ज्याच्या डाव्या-उजव्याबद्दल बोलणं चाललंय तो माणूस आपल्या पोटाशी येईल असा कागद गोल वळवायचा आणि मग आपला स्वतःचा उजवा हात बघायचा. गच्या खुर्चीत स्वतः बसायचं. याला तीन सेकंद लागतात, आणि सेटमध्ये अशा दिशेच्या ओळी असतात दोन किंवा तीन. नकाराच्या ओळी, समोरासमोरच्या ओळी तपासण्यात वेळ घालवायची गरज नाही. तिथे सहसा चूक होत नाही.

आमच्याकडची बहुतेक मुलं मराठी माध्यमाची. पीओचा पेपर इंग्रजीत आणि हिंदीत असतो, आणि ही मुलं रीझनिंग इंग्रजीतच वाचतात. त्यात एक ठराविक ठेच आहे. इंग्रजी वाक्य सुरू होतं त्या माणसापासून, ज्याची जागा आपल्याला अजून माहीत नसते. ग बसलाय डावीकडे दुसरा, कुणाच्या, तर जो बसलाय समोर, कुणाच्या, तर घच्या. वाचणारा गपासून निघतो आणि हवेत लटकतो. हीच ओळ मराठीत म्हणून बघा. घच्या समोर बसलेल्याच्या डावीकडे दुसरा ग. माहीत असलेल्या घपासून निघालात, समोर गेलात, डावीकडे दोन मोजलेत, ग सापडला. पेन ज्या क्रमानं फिरायला हवं त्याच क्रमानं शब्द आलेत. म्हणून मी सांगतो की लांब ओळ मनातल्या मनात मराठीत म्हणा. भाषाप्रेमानं नव्हे. मराठीत ती सोडवायच्या क्रमानंच लागलेली असते. इंग्रजी माध्यमाची पोरं हेच ओळ मागून पुढे वाचून करतात, त्यांना ते शिकावं लागतं.

जुन्या पेपरांबद्दल एक कटकट सांगायलाच हवी. एमपीएससी आपले पेपर आणि उत्तरतालिका प्रसिद्ध करते, तिथे छापलेल्या शब्दावर विसंबता येतं. बँकेच्या ऑनलाइन परीक्षेचा पेपर मात्र बाहेर येत नाही. बाजारात जुने पेपर म्हणून जे मिळतं ते परीक्षा देऊन आलेल्या मुलांच्या आठवणीवरून जुळवलेलं असतं, त्याला मेमरी बेस्ड म्हणतात. प्रश्नाची घडण त्यात बऱ्यापैकी खरी असते, शब्द खरे असतीलच असं नाही. लगेच डावीकडे यातला लगेच गळतो. मध्ये दोनजण याचं मध्ये तीनजण होतं. मी अभ्यासिकेत अशा एका सात मजल्यांच्या सेटवर सबंध दुपार घालवली होती. दोन मांडण्या सगळ्या ओळींना लागू पडत होत्या आणि मी स्वतःला दोष देत बसलो होतो. त्या दादानं दोन्ही बघितल्या आणि सरळ पान उलटलं. "एक ओळ गाळलीय यानं. जेवायला चल."

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. सेट दोनदा कोऱ्या कागदावर सोडवायचा. दोन्ही वेळा सगळ्या ओळी वापरून दोन मांडण्या उरल्या, किंवा दोन्ही वेळा एकाच ओळीपाशी सगळ्या केस मेल्या, तर दोष छपाईचा धरायचा आणि पुढे जायचं. दोन वेळा दोन वेगळ्या ठिकाणी अडकलात तर मात्र दोष आपला. आणि पुस्तकामागचं स्पष्टीकरण वाचताना एक गोष्ट बघायची. त्यानं एखादी ओळ वापरलीच नसेल, किंवा न दिलेली माहिती मध्येच गृहीत धरली असेल, तर त्याच्याकडेही मांडणी उरकलेलीच असते.

तोच सेट पुन्हा सोडवायचा की नाही, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. मी पुन्हा सोडवायला लावतो, पण तीन आठवड्यांनी, आणि समासातल्या खुणांवर लक्ष ठेवून. एखाद्यानं पहिल्याच झटक्यात दोनपैकी बरोबर केस धरली आणि दुसरा गोल काढलाच नाही, की मी ओळखतो. त्याला उत्तर आठवलंय. त्या दिवसाचा वेळ वहीत धरायचा नाही. एका मुलाचा वेळ असा एका आठवड्यात सहावरून तीन मिनिटांवर आला होता आणि तो पेढे वाटायच्या बेतात होता. नवा सेट दिला, परत सहा.

सोडून देण्याबद्दल थोडं. अर्धा सेट सुटल्यावर तो टाकवत नाही, घातलेली मिनिटं डोळ्यांसमोर येतात. माझी साडेनऊ मिनिटं अशीच गेली. मी आता सेटमध्ये शिरण्याआधीच ठरवायला लावतो. सगळ्या ओळी वाचून झाल्यावर एकही पक्की जागा मिळत नसेल, किंवा दुसऱ्याच ओळीत तीनपेक्षा जास्त केस होत असतील, तर पुढच्या सेटवर जायचं. किती माणसं बसलीत हेच न सांगणाऱ्या रांगेचे सेट बरेचदा यात येतात. हा नियम काही पवित्र नाही. एखादा सोपा सेटही त्यानं हातचा जातो. पण वीस मिनिटांत तीन सेट नीट झाले तरी माझ्या दृष्टीनं पुष्कळ झालं.

ती मुलगी नंतर बरीच सुधारली. कागद फिरवायची सवय तिला लागली. मग मागच्या महिन्यात तिच्या शेजारी बसणाऱ्या औशाच्या एका मुलाची वही तपासत होतो आणि थबकलो. त्याचा प्रत्येक गोल उलटा होता. केंद्राकडे तोंड असलेल्यांचा डावा हात तो पहिल्यापासून घड्याळाच्या उलट दिशेला धरत होता. तिनं वाकून बघितलं आणि खूश झाली, "सर, हा तर माझ्यापेक्षा पण गेलेला." पण त्याची उत्तरं बरोबर होती. सलग अकरा सेट, सगळी बरोबर. दोघांनाही काही कळेना. मी फळ्यावर तिचा बरोबर गोल काढला आणि शेजारी त्याचा. आरशात धरल्यासारखे दिसत होते. डावं-उजवं दोन्ही पहिल्या ओळीपासून शेवटच्या प्रश्नापर्यंत उलटं धरलं, तर कच्या समोर छच येतो आणि खच्या डावीकडेही छच. तिचं चुकलं होतं ते मध्येच दिशा बदलल्यामुळे. याची दिशा कधी बदललीच नव्हती.

"मग मी बदलू का नको?" त्यानं विचारलं.

मी थोडा विचार केला. ओळीत घड्याळाच्या दिशेनं असा शब्दच आला, तर याचा गोल फसणार. असे सेट असतात, थोडे असतात. आणि परीक्षा सोळा दिवसांवर आली होती. सोळा दिवसांत हाताचं वळण बदलायला गेला तर मधल्या मध्ये दोन्ही दिशा एकाच कागदावर येणार.

"बदलू नको," मी म्हटलं. "घड्याळ हा शब्द दिसला की तेवढा सेट शेवटी घे."

त्यानं वहीच्या पहिल्या पानावर एक घड्याळ काढलं आणि त्यावर काट मारली. ती मुलगी अजून फळ्यासमोर मान वाकडी करून उभी होती, एकदा या गोलात, एकदा त्या गोलात गचा उजवा हात शोधत.